हिंगणा एमआयडीसीतली फॅब्रिकेशन कंपनी, पहिलं स्टॅट ऑडिट: मटेरियलिटी कितीवर धरायची?

वहीखातं

हिंगणा एमआयडीसीतली एक छोटी कंपनी आहे. स्टीलच्या प्लेट कापून, वाकवून, वेल्ड करून स्ट्रक्चर आणि हॉपर बनवते. आधी भागीदारी फर्म होती, १ एप्रिल २०२४ पासून प्रायव्हेट लिमिटेड झाली. ३१ मार्च २०२५ चं ऑडिट हे कंपनी कायद्याखालचं पहिलंच. त्याआधी फक्त टॅक्स ऑडिट व्हायचं.

आकडे असे आहेत. उलाढाल ९ कोटी २० लाख. करपूर्व नफा ३७ लाख, त्यात जुना प्रेस ब्रेक विकल्याचा ६ लाखांचा नफा आहे. दोन संचालकांचा पगार मिळून ३६ लाख. शिल्लक माल १ कोटी ४६ लाख, डेटर्स १ कोटी ८५ लाख. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा २ कोटी. फर्म असताना भागीदारांचा मोबदला आणि व्याज वजा जाऊन तीन वर्षांत नफा उरला तो ४, ९ आणि ६ लाख.

मटेरियलिटी म्हणजे चूक किती मोठी असली की ताळेबंद वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल ती हद्द. ती नफ्याचे ५ टक्के धरली तर १.८५ लाख येतात, उलाढालीचा १ टक्का धरला तर ९.२० लाख. पाचपट फरक आहे. कुठला आकडा धरावा? आणि दुसरा प्रश्न मला जास्त सतावतो. हा आकडा वर्किंग पेपरच्या पहिल्या पानावर लिहून झाला की पुढे त्याने नेमकं काय बदलतं? बऱ्याच फाइलींत पहिल्या पानानंतर तो परत दिसतच नाही.

सीताबर्डी_लेजर

उत्पादन कंपनी आहे, उलाढालीचा १ टक्का घ्या. ९.२० लाख. परफॉर्मन्स मटेरियलिटी, म्हणजे प्रत्यक्ष तपासताना वापरायची त्याखालची हद्द, त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ६.९० लाख. नफा दरवर्षी वरखाली होतो, उलाढाल स्थिर असते. इतका विचार करायची गरज नाही भाऊ.

तपासनीस

लेजरभाऊ, उलाढाल स्थिर असते हे बरोबर. पण या कंपनीत तो आकडा कुठे नेतो ते बघा. प्रेस ब्रेकचे ६ लाख एकदाच आलेले, पुढच्या वर्षी येणार नाहीत, ते बाजूला काढा. धंद्याचा नफा उरतो ३१ लाख. आता ९ लाखांची चूक राहिली तरी चालेल असं म्हणायचं, म्हणजे नफा २२ लाख असताना ३१ दाखवला तरी वाचणाऱ्याचा निर्णय बदलणार नाही असं म्हणायचं. हे बँकेच्या क्रेडिट ऑफिसरला विचारून बघा.

सुरुवात आकड्यापासून नको, वाचणाऱ्यापासून करा. या ताळेबंदाचे खरे वाचक तीनच आहेत: बँक, आयकर खातं आणि दोन भागीदार-संचालक. तिघेही नफ्याकडे बघतात. बँक त्याबरोबर चालू मालमत्ता आणि चालू देणी बघते. म्हणून पाया नफ्याचाच हवा.

मटेरियलिटीचं ऑडिट स्टँडर्ड एसए ३२०, त्यात टक्केवारीचा नियम नाही. उत्पादन कंपनीसाठी करपूर्व नफ्याचे ५ टक्के हे तिथे फक्त उदाहरण म्हणून दिलं आहे. उलाढालीचा किंवा खर्चाचा १ टक्का हे उदाहरणही तिथे आहे, पण ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं. फाइलींत तो १ टक्का कारखान्यालाही लागलेला दिसतो, तो बहुधा तिथूनच आला असावा.

वहीखातं

म्हणजे ३१ लाखांचे ५ टक्के, १.५५ लाख?

तपासनीस

तिथे थांबू नका. मालक स्वतः पगार म्हणून किती उचलतो यावर छोट्या कंपनीचा नफा ठरतो. तुम्हीच दिलंय की फर्ममध्ये मोबदला वजा जाऊन ४, ९, ६ लाख उरायचे. यंदा ३१ उरले, कारण कंपनी झाल्यावर संचालकांनी पगार बेताचा ठेवला. धंदा तोच आहे. अशा ठिकाणी मोबदल्याआधीचा आणि कराआधीचा नफा धरता येतो, हेही त्याच स्टँडर्डच्या खुलाशात आहे. ३१ अधिक ३६ म्हणजे ६७ लाख, त्याचे ५ टक्के ३.३५ लाख. मी ३.३० लाख लिहीन.

मग उलाढालीशी ताडून बघा: ०.३६ टक्के होतात. ठीक वाटतं. दुसऱ्या पायाचा उपयोग एवढाच, पहिल्यात काही विचित्र झालं असेल तर ते दिसतं.

मनोहर_सदर

ताई, इथे मी सहमत नाही. सगळे ३६ लाख परत मिळवणं चूक आहे. दोघं संचालक रोज शेडवर असतात. एक डिझाइन बघतो, दुसरा खरेदी आणि डिस्पॅच. त्यांना काढून दोन माणसं नोकरीवर ठेवली तर प्रत्येकी वर्षाला १२ लाख तरी द्यावे लागतील. तो खरा खर्च आहे. परत मिळवायचे ते बाजारभावापेक्षा जास्तीचे, म्हणजे ३६ वजा २४, १२ लाख. पाया ४३ लाख, ५ टक्के २.१५ लाख.

शिवाय मोबदल्याआधीचा नफा धरायची मुभा नफा सातत्याने नाममात्र असतो तेव्हाची आहे. यंदा ९.२० कोटींवर ३१ लाख, म्हणजे ३.४ टक्के. नाममात्र नाही.

तपासनीस

मनोहरसर, तुमचा दुसरा मुद्दा मला जड वाटतो. पहिला तितका नाही, कारण १२ लाख हा बाजारभाव ठरवायला पुरावा लागेल आणि फाइलमध्ये तो नसेल. मागची तीन वर्षं आणि हे वर्ष एका मापाने मोजायचं तर मोबदल्याआधीचाच नफा सारखा राहतो, म्हणून मी तिकडे झुकते. पण कोणी २.१५ धरून कारण लिहिलं, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. ९.२० ला मात्र म्हणेन.

मनोहर_सदर

मी २.१५ वरच राहतो. पहिलं वर्ष आहे, हात आवरता असलेला बरा.

तपासनीस

हात आवरता ठेवायची जागा ती नाही, सर. पहिलं वर्ष आहे म्हणून वाचणाऱ्याची सहनशीलता कमी होत नाही, आपली जोखीम वाढते. जोखमीसाठी परफॉर्मन्स मटेरियलिटी आहे. ओव्हरऑल मटेरियलिटी ठरते वाचणाऱ्यावरून, परफॉर्मन्स म्हणजे पीएम ठरतं आपण किती अंधारात आहोत यावरून. दोन्हीकडे कात्री चालवली तर एकाच भीतीसाठी दोनदा कापलं जातं.

व्यवहारात पीएम ओव्हरऑलच्या ५० ते ७५ टक्के धरतात. ७५ ची जागा जुन्या क्लायंटकडे, जिथे चुका किती आणि कशा निघतात हे दोन-तीन वर्षांच्या फाइलींत लिहिलेलं असतं. इथे तसा इतिहास नाही, सुरुवातीचा माल ऑडिटरने पाहिलेला नाही आणि लेखापाल एकच असावा. मी ६० टक्के धरीन, म्हणजे साधारण २ लाख. आणि ज्या चुका यादीतसुद्धा घ्यायच्या नाहीत त्यांची हद्द ओव्हरऑलच्या ५ टक्क्यांच्या आत, १५ हजार.

शेड_नं_सात

मी ऑडिटर नाही, बुटीबोरीत एका कारखान्यात अकाउंट बघतो. याचा अर्थ १५ हजारांच्या आतलं बिल नोंदवायचं राहिलं तर चालतं का? आमच्याकडे किरकोळ वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंग व्हील यांची बिलं बरीच पडून असतात.

तपासनीस

नाही हो. ही मर्यादा ऑडिटरच्या तपासणीची आहे, तुमच्या वहीची नाही. वही पूर्णच हवी. आणि एकेक बिल ८ हजारांचं असलं तरी अशी चाळीस पडून असतील तर ३.२० लाख झाले. १५ हजारांची हद्द सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या चुकांना लागते. एकाच कारणाने चाळीस वेळा झालेल्या चुकीला लागत नाही. त्यात कोणी मुद्दाम काही लपवलं असेल तर रक्कम कितीही लहान असो, ती यादीत येते.

शेड_नं_सात

कळलं. उद्याच पुडकं काढतो.

प्लेटवाला

मी स्टोअर आणि कॉस्टिंगच्या बाजूचा. वहीखातंभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेडमध्ये आहे. २ लाख रुपये म्हणजे प्लेटचे किती नग, हे आधी काढा.

१० मिमीची प्लेट, दीड मीटर बाय ६.३ मीटर. क्षेत्रफळ ९.४५ चौरस मीटर, जाडी १० मिमी, पोलादाची घनता ७.८५ धरली की एक प्लेट साधारण ७४२ किलो. दर किलोला ६० रुपये धरा, एक प्लेट ४४,५०० रुपयांची. म्हणजे साडेचार प्लेट मोजताना चुकल्या की तुमचे २ लाख गेले. रचलेल्या थप्पीत साडेचार प्लेट चुकणं अवघड नाही. ८ मिमीची थप्पी १० मिमीची म्हणून लिहिली तर प्लेटमागे २५ टक्के वजन वाढतं, आणि ते लांबून दिसत नाही. म्हणून मोजणीला जाताना व्हर्नियर न्या आणि थप्पीच्या दोन्ही बाजूंनी जाडी बघा. वजन स्टोअरच्या रजिस्टरवरून उतरवून घेऊ नका, मापावरून काढा आणि काट्याच्या पावतीशी ताडा.

उलट नट, बोल्ट, रॉड, गॅसच्या नळ्या यांचा अख्खा कप्पा दीड-दोन लाखांचा असेल तर तिथे दोन तास घालवू नका. सगळा कप्पा चुकला तरी पीएमच्या आसपासच. पाच-सात वस्तू मोजा आणि पुढे चला.

सीताबर्डी_लेजर

पण मालात १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो ना? ऑडिट अहवालात काय सांगायचं त्या कारो आदेशात तसंच आहे.

तपासनीस

कारो २०२० मधले ते १० टक्के वेगळ्या कामाचे आहेत. मालाच्या एखाद्या वर्गात पुस्तक आणि मोजणी यांत १० टक्के किंवा जास्त फरक निघाला होता का, आणि तो पुस्तकात नीट घेतला का, एवढं तिथे सांगायचं असतं. त्याच्या आतला फरक माफ असं तिथे कुठेही नाही. या कंपनीत कच्चा माल ८८ टन, म्हणजे ५२.८० लाखांचा असेल तर १० टक्के होतात ५.२८ लाख. हा एकच फरक ३.३० च्या पलीकडे जातो.

आणि या कंपनीला कारो लागतो का तेही आधी बघा. कंपनी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती छोटी कंपनी ठरत असेल तर कारोतून सुटते. तशी ठरत नसेल, तर उलाढाल १० कोटींच्या आत असली तरी बँकेचं कर्ज १ कोटीच्या वर गेलं की दुसरी सूटही जाते. तिच्या सगळ्या अटी एकत्र पाळल्या तरच ती मिळते.

वहीखातं

८८ टन कसे ओळखले? बरोबर तेवढेच आहेत. अर्धवट काम ५२ लाख आणि तयार माल आणि बॉटआउट, म्हणजे बाहेरून विकत आणलेले भाग, मिळून ४१.

तपासनीस

१.४६ कोटींचा माल आणि असा कारखाना म्हटल्यावर अंदाज केला, योग जुळला.

त्या ५२ लाखांच्या अर्धवट कामाकडे जास्त बघा. प्लेट मोजता येते, अर्धवट काम किती टक्के झालं ते कोणीतरी ठरवलेलं असतं. ५२ लाखांवर २ लाख म्हणजे ४ टक्के सुद्धा नाहीत. सुपरवायझरने ९० टक्के लिहिलं आणि पेंटिंग, ब्लास्टिंग बाकी असल्यामुळे खरं ८५ निघालं, तर पीएम ओलांडलं. इथे सगळे जॉब कार्ड घ्या, नमुना नको. प्रत्येक कामाचं बाकी काय आहे ते शेडमध्ये उभं राहून लिहा, आणि एप्रिल-मेमध्ये त्या कामावर प्रत्यक्ष किती तास आणि साहित्य लागलं त्याच्याशी मिळवा. मार्चचा अंदाज मे महिना उघडा पाडतो.

मनोहर_सदर

सुरुवातीच्या मालाचं काय? १ एप्रिल २०२४ ला ऑडिटर कोणी नव्हता. टॅक्स ऑडिटच्या फाइलमध्ये मोजणीचा पुरावा नसतो. आणि तो माल १ कोटी १२ लाख असेल तर त्यातली प्रत्येक चूक सरळ यंदाच्या नफ्यात येते.

वहीखातं

आकडा जवळजवळ तोच आहे. १.१२ कोटी, त्यात प्लेट ९६ टन. मोजणीपत्रक आहे, पण त्यावर फक्त स्टोअरकीपरची सही.

प्लेटवाला

स्टीलच्या धंद्यात किलोचा हिशेब मांडा, रुपयाचा नको. दर बदलतो, वजन बदलत नाही. सुरुवातीचे ९६ टन, वर्षाची खरेदी काट्याच्या पावत्यांवरून, शेवटचे ८८ टन तुम्ही स्वतः मोजलेले. त्यातून खप निघतो. दुसऱ्या बाजूला डिस्पॅच चलनावरचं वजन, विकलेलं भंगार आणि अर्धवट कामात व तयार मालात अडकलेल्या वजनाचा फरक. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. सुरुवातीच्या ९६ मध्ये दहा टन हवेतले असतील तर ते इथे उघडे पडतील.

वहीखातं

मांडलं. खरेदी ६१० टन, म्हणून खप ६१८. डिस्पॅच ५४५, भंगार ६२, अर्धवट आणि तयार मालात वाढलेलं वजन ७. बेरीज ६१४. चार टनांचा फरक.

मनोहर_सदर

चार टन म्हणजे ६० रुपयांनी २.४० लाख. पीएमच्या वर.

प्लेटवाला

सर, प्लाझ्माने कापताना फटीएवढं लोखंड जळून-वितळून जातं, ग्राइंडिंगची पूड झाडून जाते. ६१८ वर ४ म्हणजे ०.६५ टक्के. मला ते कमीच वाटतं. आणि एक उलटी गोष्ट लक्षात घ्या: वेल्डिंगच्या तारेचं आणि रंगाचं वजन डिस्पॅचमध्ये येतं पण प्लेटच्या खरेदीत नसतं. त्यामुळे खरी घट चारपेक्षा जास्त असणार.

मनोहर_सदर

तेच म्हणतो. बॉटआउटचं वजनही चलनात असेल तर? मग फरक चार नाही, दहा-बारा असू शकतो. ताळमेळ जुळला असं लिहिण्याआधी चलनाच्या वजनात काय-काय आहे ते ठरवा.

तपासनीस

मनोहरसरांचा प्रश्न बरोबर आहे आणि तो असाच सोडू नका. मोठ्या दहा ऑर्डरींच्या ड्रॉइंगवरून प्लेटचं नक्की वजन काढा, चलनाशी ताडा. तार, रंग आणि बॉटआउटचं प्रमाण कळेल, ते ५४५ ला लावा. मग जी घट उरेल ती दर महिन्याला सारखी आहे का बघा. कापण्याची घट बाराही महिने होते. सुरुवातीचा माल फुगवलेला असेल तर मोठा फरक पहिल्याच एक-दोन महिन्यांत साचलेला दिसेल.

एवढं करूनही पुरावा पुरेसा वाटला नाही, तर सुरुवातीच्या शिल्लकींच्या स्टँडर्डप्रमाणे, एसए ५१० प्रमाणे, अहवालात नफा-तोट्यावर क्वालिफिकेशन द्यावं लागेल. शेवटचा ताळेबंद स्वच्छ राहू शकतो.

वाडीचा_व्यापारी

आमचं वाडीत ट्रेडिंग आहे, कंपनी यंदा तोट्यात गेली. मग ५ टक्के कशाचे धरायचे?

मनोहर_सदर

एखादंच वर्ष तोट्याचं असेल तर मागच्या तीन-चार वर्षांची सरासरी बघतात. ट्रेडिंगमध्ये उलाढाल किंवा ग्रॉस मार्जिनही चालतं, टक्का मात्र लहान ठेवायचा. तुमचे ऑडिटर ठरवतील, तुम्ही आकडा मागू नका आणि ते सांगणारही नाहीत.

ट्रायल_बॅलन्स

आर्टिकलशिप चालू आहे, म्हणून विचारते. डेटर्स ६४ पार्टी, १.८५ कोटी धरा. पीएम २ लाख म्हणजे २ लाखांवरच्या पार्टींनाच कन्फर्मेशन पाठवायचं ना? बाकीचे सोडून द्यायचे?

तपासनीस

सोडायचे नाहीत. बहुतेक फाइली इथेच घसरतात. वहीखातं, २ लाखांवरच्या किती आहेत?

वहीखातं

११ पार्टी, १ कोटी ३८ लाख. बाकी ५३ पार्टींत ४७ लाख.

तपासनीस

ट्रायल, हे ४७ लाख ओव्हरऑलच्या चौदा पट आहेत. एकेक पार्टी लहान आहे, पण ढीग लहान नाही. त्यातून नमुना काढावाच लागतो.

रुपयावर आधारलेली निवड, म्हणजे दर ठराविक रुपयांच्या अंतराने एक नमुना, करणार असशील तर असं कर. पीएमला खात्रीच्या गुणकाने भाग. फक्त या एकाच तपासणीवर ९५ टक्के भिस्त ठेवायची असेल तर गुणक ३ येतो, मग अंतर ६७ हजारांचं आणि नमुने सत्तर. पार्टीच ५३ आहेत, त्यापेक्षा सगळ्याच तपासलेल्या बऱ्या. पण एप्रिल ते जूनची वसुली बँकेत तू वेगळी बघणार आहेस आणि विक्रीचा महिनावार ताळमेळही झालेला असेल, तर ७० टक्क्यांचा १.२ गुणक पुरतो. २ लाख भागिले १.२ म्हणजे १.६७ लाखांचं अंतर.

आता लक्ष दे. अंतर १.६७ असेल तर त्याच्यावरची प्रत्येक पार्टी आपोआप निवडली जाते. म्हणजे सगळ्या घ्यायची रेषा २ लाखांवर राहत नाही, १.६७ वर येते.

वहीखातं

मधल्या तीन पार्टी निघाल्या, ५.४० लाख. म्हणजे १४ पूर्ण, आणि ५० पार्टींत ४१.६० लाख उरतात. भागिले १.६७ केलं तर २५ नमुने.

ट्रायल_बॅलन्स

मग क्रेडिटर्सनाही हेच लावते, मोठ्या शिल्लकी आणि २५ नमुने.

तपासनीस

तिथे उलटं होतं, पोरी. डेटर्समध्ये भीती फुगवल्याची, क्रेडिटर्समध्ये लपवल्याची. ज्याचं देणं नोंदवलंच नाही त्याची शिल्लक शून्य दिसते आणि रुपयावरून निवड करताना शून्याला कधीच नंबर लागत नाही. म्हणून यादी बदल. एप्रिल ते जूनचं बँक स्टेटमेंट घे, ठराविक रकमेवरचं प्रत्येक पेमेंट घे आणि माल किंवा काम मार्चचं होतं का ते गेटच्या इनवर्ड रजिस्टरवरून बघ. इथे रेषा पीएमच्या बरीच खाली ठेव, ५० हजार म्हणेन, कारण न नोंदवलेली बिलं सहसा जोडीने असतात. जॉबवर्कवाले आणि ट्रान्सपोर्टवाले उशिरा बिल देतात, तिथून सुरू कर.

संचालकाच्या घरच्यांच्या नावावर शेडचं भाडं जात असेल तर त्याला २ लाखांची रेषा लावूच नकोस. एकेक नोंद बघ.

वहीखातं

फील्डवर्क संपत आलं, म्हणून परत मूळ प्रश्नाकडे. सापडलं ते असं.

अर्धवट काम १.७० लाखांनी जास्त धरलेलं, कारण तीन जॉबचं पेंटिंग बाकी होतं. मार्चचं वीजबिल ६२ हजार नोंदलेलं नाही. ३१ मार्चच्या तारखेचं ४.९० लाखांचं विक्री बिल, गेट आउटवर्ड २ एप्रिलचं. त्या मालाची किंमत ३.५० लाख, म्हणून नफ्यावर परिणाम १.४० लाख. डेटर्सच्या नमुन्यात ६० हजारांची एक पार्टी ६ हजारांनी जास्त, रेट डिफरन्स द्यायचा राहिला होता.

संचालक अर्धवट काम आणि वीजबिल दुरुस्त करायला तयार आहेत. विक्रीचं बिल नाही म्हणतात, कारण जीएसटी रिटर्न भरलं गेलं. मग राहिलेली चूक १.४० लाख अधिक ६ हजार. ३.३० च्या बरीच आत. सोडून द्यावं का?

सीताबर्डी_लेजर

सोडा. मर्यादेच्या आत आहे.

तपासनीस

तीन गोष्टी.

६ हजार हे ६ हजार नाहीत. ती पार्टी १० टक्क्यांनी चुकली. नमुन्यातली प्रत्येक पार्टी १.६७ लाखांच्या ढिगाच्या वतीने बोलते, म्हणून अंदाजी चूक १६,७०० धरायची. १५ हजारांच्या रेषेपलीकडे गेली, यादीत घ्या. दुरुस्ती मात्र ६ हजारांचीच मागता येईल. आणि रेट डिफरन्सची आणखी प्रकरणं आहेत का ते एप्रिलनंतरच्या क्रेडिट नोटांवरून बघा.

दुसरी, दुरुस्त्या झाल्यावर पाया बदलतो. ३१ मधून १.७०, ०.६२ आणि १.४० गेले की २७.२८, मोबदल्यासह ६३.२८ लाख, ५ टक्के ३.१६ लाख. पीएम १.९० च्या आसपास. नमुन्यात एक-दोन पार्टी वाढतील, त्या घेऊन टाका आणि बदल फाइलमध्ये लिहा.

तिसरी महत्त्वाची. त्या बिलाचा नफ्यावर परिणाम १.४० लाख दिसतो, कारण दोन मोठ्या चुका एकमेकींना खातात. विक्री ४.९० ने फुगलेली, जीएसटी बाजूला ठेवूनही डेटर्स ४.९० ने फुगलेले, माल ३.५० ने कमी. ताळेबंदाच्या दोन्ही ओळी ३.१६ च्या पलीकडे चुकीच्या आहेत. निव्वळ आकडा बघून सोडलं तर हे सुटतं.

जीएसटी रिटर्न हे कारण नाही. कर बिलाच्या तारखेवर जातो, विक्री मालाची जोखीम गिऱ्हाइकाकडे गेल्यावर होते. रिटर्न तसंच राहू द्या, दोन्हींचा ताळमेळ लिहा. परचेस ऑर्डरवर डिलिव्हरीची अट काय आहे?

मनोहर_सदर

हाच प्रश्न. एक्स-वर्क्स, म्हणजे कारखान्यातूनच माल गिऱ्हाइकाचा, अशी अट असेल, माल तयार ठेवला होता आणि गिऱ्हाइकानेच गाडी उशिरा पाठवली असेल, तर त्यांचं म्हणणं टिकू शकतं. लेखी पत्र हवं.

आणि बँकेची अट बघा. करंट रेशो काठावर असेल तर १.४० लाखही लहान नाही.

वहीखातं

ऑर्डर काढून बघितली. एफओआर साइट, बुटीबोरी, म्हणजे साइटवर पोचेपर्यंत माल कंपनीच्या जबाबदारीवर. ट्रान्सपोर्ट कंपनीचाच, गाडीची पावती, एलआर, २ एप्रिलची, साइटवर पोच ३ एप्रिल.

करंट रेशो पुस्तकाप्रमाणे १.३४, सँक्शन लेटरमध्ये १.३३ मागितलाय. तिन्ही दुरुस्त्या घातल्या की तो अटीच्या खाली जातो. आता कळलं ते बिल ३१ तारखेलाच का फाडलं.

मनोहर_सदर

मग हा कट-ऑफचा, म्हणजे विक्री कुठल्या वर्षात धरायची याचा, साधा घोळ राहिला नाही. मुद्दाम केलं असेल तर रक्कम दुय्यम. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांची सगळी बिलं काढा, एकही न सोडता, आणि आउटवर्ड रजिस्टर स्वतःच्या हातात घ्या.

तपासनीस

सहमत. ६० टक्के पीएम धरलं तेव्हा हे माहीत नव्हतं. विक्रीच्या कट-ऑफसाठी मी आता २ लाखही धरणार नाही. संचालकांना लेखी कळवा, उत्तर येईपर्यंत सही थांबवा.

वहीखातं

शेवटच्या दहा दिवसांची ३८ बिलं आहेत. सोमवारी गेटवर बसतो.